ओमेगा अल्फापेक्षा कमी आला आणि मार्गदर्शक विचारतात, ‘मग ओमेगाच का?’

प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात एक वाक्य असतं: ‘मापनीची विश्वसनीयता तपासण्यासाठी मॅकडोनाल्ड यांचा ओमेगा वापरला.’ मसुदा परत येतो आणि समासात शेरा असतो, ‘अल्फा का नाही? कारण द्या.’ विद्यार्थी एक ओळ वाढवतो, ‘ओमेगा हा अल्फापेक्षा आधुनिक व अधिक अचूक आहे.’ तोच शेरा पुन्हा येतो, या वेळी खाली रेघ मारून.

बडोद्यातल्या मराठी मुलामुलींचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात, त्यात हा प्रकार वारंवार दिसतो. आणखी अडचणीची एक तऱ्हा आहे. ‘ताई, अल्फा ०.७९ आलाय, ओमेगा ०.७६. मी चांगला आकडा सोडून वाईट आकडा का लिहू?’ हा प्रश्न खरं तर पहिल्या प्रश्नाचंच उत्तर घेऊन आलेला असतो, म्हणून इथे तोच धरून चालते.

अल्फा काय गृहीत धरतो

क्रॉनबाख यांचा १९५१चा लेख अल्फाच्या नावाशी जोडला गेला. सूत्र त्याआधीही होतं, गटमन यांनी १९४५ मध्ये ते वेगळ्या नावाने मांडलं होतं. सूत्राला हवं असतं फक्त विधानांचं व्हेरियन्स आणि त्यांच्या आपसातल्या कोव्हेरियन्सची बेरीज. कोणतं विधान मूळ गुण किती चांगलं पकडतं, हे तो विचारतच नाही. विचारत नाही म्हणजे सगळी विधानं तो गुण सारख्याच प्रमाणात पकडतात असं धरून चालतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: दोन विधानांमध्ये जे काही सामाईक आहे ते सगळं मोजायच्या गुणामुळेच आहे, असंही तो धरतो. त्या दोन विधानांचं आपसात वेगळं काही साटंलोटं असेल, तर ते अल्फाला कळत नाही. तेही तो विश्वसनीयतेच्या खात्यावर जमा करतो.

ओमेगाआधी घटक विश्लेषणाचं मॉडेल बसवावं लागतं. प्रत्येक विधानाला त्याचं स्वतःचं लोडिंग मिळतं, म्हणजे ते विधान मूळ गुण किती पकडतं याचा आकडा, आणि विधानांचं आपसातलं साटंलोटं मॉडेलमध्ये लिहिलं असेल तर ते गुणाच्या खात्यातून बाहेर काढता येतं. तुमच्या सहा किंवा दहा विधानांपैकी कुठे अल्फाची गृहीतकं मोडतात हे दाखवलंत, की समर्थन झालं. ‘आधुनिक आहे’ हे समर्थन होत नाही, कारण ते वाक्य कोणत्याही मापनीला चिकटवता येतं.

एक उदाहरण, हिशेबासकट

खालचे आकडे हिशेब हाताने करता यावा म्हणून मी बांधले आहेत, पण असा साचा आपल्याकडच्या मापन्यांत दिसतो. समजा, दांडिया बाजार, राजमहेल रोड अशा भागांतल्या मराठी घरांमधल्या कॉलेजच्या मुलांना ‘मराठी वापरातली सहजता’ मोजणारी मापनी दिली. पाच टप्प्यांची उत्तरं, सहा विधानं. पुढे दिलेलं प्रत्येकाचं प्रमाणित लोडिंग आहे:

१. घरातल्या मोठ्यांशी मी सहज मराठीत बोलतो/बोलते. ०.८५
२. मनातली गोष्ट मराठीत सांगताना मला शब्द शोधावे लागत नाहीत. ०.८०
३. पुण्या-मुंबईहून आलेल्या नातेवाइकांशी मी मराठीत गप्पा मारतो/मारते. ०.७५
४. मराठी नाटक मला सहज कळतं. ०.५०
५. मराठी वर्तमानपत्र मी न अडखळता वाचतो/वाचते. ०.४०
६. पानभर मजकूर मी मराठीत लिहू शकतो/शकते. ०.३५

पाचवं आणि सहावं विधान पाहा. ही मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली. घरात मराठी अस्खलित, पण मराठी लिहिण्या-वाचण्याची सवय शाळेने लावलेली नाही. कुणी आजीजवळ बसून शिकलं, कुणी शिकलंच नाही. त्यामुळे बोलण्यातली सहजता सारखीच असलेल्या दोन मुलांपैकी एक ५ आणि ६ या दोन्ही विधानांना ‘पूर्ण सहमत’ म्हणतो आणि दुसरा दोन्हींना ‘असहमत’. म्हणजे या दोन विधानांना बांधणारी एक जादा दोरी आहे, अक्षरओळखीची, आणि ती मापनीच्या मुख्य गुणाची नाही. मॉडेलच्या भाषेत, दोन्ही विधानांच्या उरलेल्या भागांत कोव्हेरियन्स आहे. आपल्या उदाहरणात ते ०.३० धरलं आहे.

आता हिशेब. सहा लोडिंगची बेरीज ३.६५, तिचा वर्ग १३.३२. हे मुख्य गुणाचं व्हेरियन्स. प्रत्येक विधानाचं उरलेलं व्हेरियन्स म्हणजे १ वजा लोडिंगचा वर्ग, त्यांची बेरीज ३.५४. दोरीचं कोव्हेरियन्स एकूण गुणांच्या व्हेरियन्समध्ये दोनदा येतं, म्हणून ०.६०. एकूण १७.४६.

ओमेगा = १३.३२ ÷ १७.४६ = ०.७६.

अल्फासाठी एकूण १७.४६ मधून सहा विधानांचं स्वतःचं व्हेरियन्स, म्हणजे ६, वजा करायचं. उरले ११.४६. ११.४६ ÷ १७.४६ = ०.६५६, गुणिले ६/५, म्हणजे ०.७९.

दोरी नसती तर? एकूण १६.८६ झालं असतं, ओमेगा ०.७९ आणि अल्फा ०.७७. म्हणजे असमान लोडिंगमुळे अल्फा थोडासा खाली सरकतो आणि दोरीमुळे वर फुगतो. या मापनीत फुगवटा जास्त भरला, म्हणून अल्फा ओमेगाच्या वर गेला. ‘अल्फा ही विश्वसनीयतेची किमान मर्यादा आहे, खरी विश्वसनीयता तिच्याहून जास्तच असते’ असं वर्गात सांगतात. ते विधानांच्या त्रुटी, म्हणजे वरचे उरलेले भाग, एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच खरं. इथे त्या स्वतंत्र नाहीत.

असमान लोडिंगचा परिणाम किती छोटा आहे हेही लक्षात घ्या. ०.८५ पासून ०.३५ पर्यंत पसरलेल्या लोडिंगमुळे फक्त ०.०२चा फरक पडला. ओमेगा वापरल्याने आकडा चमत्कारासारखा वाढेल ही आशा बऱ्याच जणांना असते, ती सोडून द्या. सगळी लोडिंग सारखी असतील आणि कुठे दोरी नसेल, तर दोन्ही आकडे एकच येतात.

तपास कसा करायचा

तीन मॉडेल बसवायची. पहिल्यात सगळी लोडिंग समान असल्याची सक्ती, दुसऱ्यात ती मोकळी, तिसऱ्यात ५ आणि ६ मधली दोरी जोडलेली. R मध्ये `lavaan` पुरतं:

```r
library(lavaan)
m1 <- 's =~ a*p1 + a*p2 + a*p3 + a*p4 + a*p5 + a*p6'
m2 <- 's =~ p1 + p2 + p3 + p4 + p5 + p6'
m3 <- 's =~ p1 + p2 + p3 + p4 + p5 + p6
       p5 ~~ p6'
f1 <- cfa(m1, data = d, std.lv = TRUE, estimator = "MLR")
f2 <- cfa(m2, data = d, std.lv = TRUE, estimator = "MLR")
f3 <- cfa(m3, data = d, std.lv = TRUE, estimator = "MLR")
anova(f1, f2)
anova(f2, f3)
```

`std.lv = TRUE` विसरू नका. ते नसेल तर पहिल्या विधानाचं लोडिंग आपोआप १ धरलं जातं, आणि पहिल्या मॉडेलमध्ये ते आपल्या समानतेच्या सक्तीत गुंतून घोळ होऊ शकतो.

पहिल्या `anova`त फरक लक्षणीय आला तर समान लोडिंगचं गृहीतक टिकत नाही. दुसरीत आला तर दोरी खरी आहे. नमुना फार मोठा असेल तर बारीकसा फरकही लक्षणीय दिसतो आणि फार छोटा असेल तर मोठाही लपतो, म्हणून नुसत्या p वर भिस्त न ठेवता लोडिंग डोळ्यांनी पाहा. ०.८५ आणि ०.३५ यांतला फरक सांगायला चाचणीची फारशी गरज नसते.

तिसरं मॉडेल बसलं की ओमेगा त्यातच काढून घ्यावा, म्हणजे विश्वासांतरही मिळतं. सूत्र स्वतः लिहिलेलं बरं, कारण मग छेदात काय गेलं ते तुम्हाला माहीत असतं:

```r
m4 <- 's =~ l1*p1 + l2*p2 + l3*p3 + l4*p4 + l5*p5 + l6*p6
       p1 ~~ e1*p1
       p2 ~~ e2*p2
       p3 ~~ e3*p3
       p4 ~~ e4*p4
       p5 ~~ e5*p5
       p6 ~~ e6*p6
       p5 ~~ c*p6
       L := l1 + l2 + l3 + l4 + l5 + l6
       E := e1 + e2 + e3 + e4 + e5 + e6 + 2*c
       omega := L^2 / (L^2 + E)'
f4 <- cfa(m4, data = d, std.lv = TRUE, se = "bootstrap", bootstrap = 2000)
parameterEstimates(f4, boot.ci.type = "perc")
```

शेवटच्या ओळीच्या निकालात `omega`समोर अंदाज आणि ९५% अंतर दिसतं.

दोरी कुठे जोडायची हे मात्र संगणकाला विचारू नका. ‘मॉडिफिकेशन इंडेक्स’ची यादी काढून वरच्या चार-पाच जोड्या मॉडेलमध्ये घालायच्या आणि फिट सुधारला म्हणून खूश व्हायचं, ही सवय वाईट आहे. ५ आणि ६ जोडायला आपल्याकडे कारण आहे: दोन्ही लिपीवर उभी आहेत आणि ही मुलं मराठी लिपीतून शिकलेली नाहीत. असं कारण माहिती गोळा करण्याआधी सांगता येतं. विधान १ आणि ४ जोडल्यावर फिट सुधारत असेल आणि त्याचं कारण तुम्हाला सुचत नसेल, तर जोडू नका.

‘पण माझा ओमेगा ०.८३ येतोय’

हाच डेटा, पण आकडा वेगळा. याचं कारण बहुधा `psych` पॅकेजमधलं `omega(d)` असतं. ते न सांगता तीन घटक काढतं आणि त्यावर एक सामाईक घटक बसवतं. निकालात एकाहून जास्त ओमेगा छापलेले असतात, त्यांतले आपल्या कामाचे दोन: Omega Hierarchical आणि Omega Total. विद्यार्थी मोठा आकडा उचलतो.

Omega Total मध्ये छोट्या उपघटकांचं व्हेरियन्सही विश्वसनीय म्हणून मोजलं जातं. आपल्या उदाहरणात अक्षरओळखीची दोरी हाच एक उपघटक मानला आणि तिचा भार दोन्ही विधानांवर सारखा धरला, तर ती एकूण १.२० भर घालते: (१३.३२ + १.२०) ÷ १७.४६ = ०.८३. Hierarchical फक्त सामाईक घटक धरतो, म्हणजे १३.३२ ÷ १७.४६, तोच आपला ०.७६. प्रत्यक्ष डेटावर पॅकेजने तीन घटक वेगळ्या तऱ्हेने काढले तर आकडे थोडे हलतील, पण रचना हीच.

मग लिहायचा कोणता? एकूण गुणांना तुम्ही काय म्हणता यावर ते ठरतं. प्रबंधात ‘जास्त गुण म्हणजे मराठी वापरातली जास्त सहजता’ असा एकच अर्थ लावला असेल, तर ०.७६. ०.८३ लिहिणं म्हणजे लिहिता-वाचता येण्याचा जादा भागही सहजतेतच मोजणं. वाचकाला नुसतं ‘ओमेगा’ म्हणून ते देणं मला प्रामाणिक वाटत नाही.

JASP किंवा jamovi वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथला नेहमीचा ओमेगा एकाच घटकाच्या, दोरी नसलेल्या मॉडेलवर निघतो. आपल्यासारख्या डेटावर तो ०.७६ पेक्षा वर येईल, कारण दोरीचा काही भाग लोडिंगमध्ये शिरतो. दोरी नसलेल्या मापनीला ती सॉफ्टवेअर पुरेशी आहेत.

‘मग ५ आणि ६ काढूनच टाकू का?’ असं कुणीतरी विचारतंच. काढली तर उरलेल्या चार विधानांचा ओमेगा ०.८२ होतो, दिसायला छान. पण मग मापनी फक्त बोलण्या-ऐकण्याची उरली. तुमचं गृहीतक मराठी वाचण्या-लिहिण्याबद्दल काही म्हणत असेल तर तेच तुम्ही मोजायचं सोडलं. मोजायचं काय हे आधी ठरवा. आकडा वाढतो हे विधान काढायचं कारण होऊ शकत नाही.

परिच्छेद कसा लिहायचा

प्रबंध ज्या भाषेत असेल त्या भाषेत करून घ्या, मी मराठीत देते:

> ‘मराठी वापरातली सहजता’ मापनीच्या एकूण गुणांची विश्वसनीयता एक-घटकी पुष्टिकारक घटक विश्लेषणावर आधारित ओमेगा गुणांकाने काढली. अल्फा गुणांक सर्व विधानांची लोडिंग समान आणि त्रुटी परस्पर स्वतंत्र असल्याचे गृहीत धरतो. प्रस्तुत माहितीत प्रमाणित लोडिंग ०.३५ ते ०.८५ या दरम्यान आढळली आणि समान लोडिंगचे मॉडेल मोकळ्या मॉडेलपेक्षा लक्षणीयरीत्या कमी जुळले (काय-वर्गातील फरक, मुक्तता मात्रा आणि p येथे द्यावे). विधान ५ व ६ हे दोन्ही देवनागरी वाचन-लेखनावर अवलंबून असून उत्तरदात्यांचे शालेय माध्यम मराठी नसल्याने त्यांच्या त्रुटींमधील सहसंबंध मॉडेलमध्ये आधीच समाविष्ट केला होता (अंदाज ०.३५). हा सहसंबंध ओमेगाच्या केवळ छेदात धरला आहे. ओमेगा ०.७६ (९५% बूटस्ट्रॅप विश्वासांतर येथे द्यावे). पूर्वीच्या अभ्यासांशी तुलना करता यावी म्हणून अल्फाही दिला आहे: ०.७९. अल्फा अधिक असण्याचे कारण वरील त्रुटी-सहसंबंध हे आहे.

०.३५ कुठून आलं? ०.३० हे कोव्हेरियन्स. दोन्ही विधानांच्या उरलेल्या व्हेरियन्सच्या, ०.८४ आणि ०.८८ यांच्या, गुणाकाराच्या वर्गमुळाने भागलं की सहसंबंध ०.३५ येतो. मसुद्यात कुणी ०.३० लिहितं, कुणी ०.३५, आणि परीक्षक अडवतात. कोणता आकडा ते शब्दात स्पष्ट करा.

‘आधीच समाविष्ट केला होता’ हे खरं असेल तरच लिहा. निकाल पाहून नंतर जोडला असेल तर ‘प्राथमिक मॉडेलचा फिट पाहिल्यानंतर, आशयाच्या आधारे’ असं लिहा. परीक्षकाला त्यात वावगं वाटत नाही, लपवलेलं सापडलं तर मात्र वाटतं.

शेवटची दोन वाक्यं वगळू नका. अल्फा दिला नाही तर तो मुद्दाम लपवला अशी शंका येते. दिला पण फरक समजावला नाही, तर समासातला शेरा पुन्हा येतो. क्रॉनबाख यांनीच उतारवयात अल्फाच्या सर्रास वापराबद्दल शंका व्यक्त केली होती (तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर, २००४ मध्ये छापला गेला), असा दाखला काही जण जोडतात. जोडा हवा तर, पण तो तुमच्या सहा विधानांबद्दल काही सांगत नाही. मार्गदर्शकांचं समाधान लोडिंगच्या ओळीनेच होईल.

कुठे ओमेगाचा हट्ट धरू नये

उत्तरं फक्त ‘हो/नाही’ असतील, किंवा पाच टप्प्यांपैकी सगळेच वरच्या दोन टप्प्यांत गर्दी करत असतील, तर वरचं मॉडेल तसंच्या तसं चालत नाही. `cfa`ला `ordered` सांगून क्रमवार उत्तरांसाठीचा ओमेगा काढावा लागतो, आणि तो काढताना गुणांची साधी बेरीजच मोजली जातेय ना, ते पाहावं लागतं. उत्तरांमागच्या कल्पित अखंड गुणांची विश्वसनीयता काढून ती बेरजेच्या नावावर खपवणं ही नेहमीची चूक आहे.

उपमापनीत दोनच विधानं असतील तर एक-घटकी मॉडेल जादा अट घातल्याशिवाय ठरतच नाही. तिथे दोन विधानांमधला सहसंबंध आणि त्यावरून काढलेला स्पिअरमन-ब्राऊन गुणांक द्या. तीन विधानं असतील तर मॉडेल ठरतं, पण फिट तपासायला काही उरत नाही. अशा वेळी ‘फिट उत्तम’ असं लिहू नका, तो उत्तम असणारच होता.

आणि लोडिंग सगळी ०.७च्या आसपास असतील, विधानांत कुठे दोरी नसेल, तर अल्फा वापरा आणि ‘लोडिंग जवळपास समान आढळल्याने अल्फा पुरेसा मानला’ असं एका ओळीत सांगा. तेवढंही समासातला शेरा टाळायला पुरतं.